‘लावू नका’ मधला ‘नका’

उकळता चहा हातावर सांडलेला माणूस व्हिडिओ बघत नाही. तो शीर्षक वाचतो. डाव्या हाताच्या अंगठ्याने दोन शब्द टाइप करतो, पडद्यावर तीन-चार चौकोन येतात, त्यातल्या एखाद्याखालची ओळ वाचून घरातल्या कुणाला तरी ओरडून सांगतो, “हळद आण!” किंवा “नळ सोड!” एवढ्यात निकाल लागलेला असतो. व्हिडिओच्या आधी जाहिरात आली तर तेवढीही सवड उरत नाही.

म्हणून प्रथमोपचाराचा व्हिडिओ करणाऱ्यांना या आठवड्यात एकच सांगायचं आहे. कॅमेरा, दिवे, पार्श्वसंगीत यांची चिंता नंतर करा. आधी शीर्षक, वर्णन, वेळांचे टप्पे आणि छोटं चित्र, म्हणजे ज्याला मेटाडेटा म्हणतात ते सगळं, नीट लिहा. तो व्हिडिओचा वेष्टनकागद नाही. संकटातल्या माणसापर्यंत पोचणारा उपचाराचा पहिला भाग तोच आहे.

मीरा-भाईंदरमध्ये अशा व्हिडिओंची हौस वाढते आहे. सोसायट्या, गणेश मंडळं, शाळा, महिला बचत गट सगळेच करतात, आणि हेतू सगळ्यांचा चांगला असतो. उदाहरण म्हणून एकच विषय धरतो: चहा, गरम तेल, कुकरची वाफ यांनी भाजणं. स्वयंपाकघरात रोज घडू शकणारी गोष्ट आहे आणि पहिल्या काही मिनिटांत काय केलं यावर पुढचं बरंच ठरतं.

आधी उपचार स्पष्ट करू, कारण तोच चुकला तर मेटाडेटा काय करणार? भाजलेला भाग लगेच गार, वाहत्या पाण्याखाली धरायचा. २० मिनिटं. दोन नाही, पाच नाही, वीस. त्वचेवरची उष्णता पाणी बघता बघता काढतं, पण आतल्या थरांत साठलेली उष्णता हळूहळूच निघते, आणि ती आत असेपर्यंत भाजणं चालूच राहतं. पाणी धरत असतानाच अंगठी, बांगड्या, घड्याळ, मनगटावरचा दोरा काढायचा, कारण सूज आली की ते अडकतात. कातडीला चिकटलेला कपडा ओढायचा नाही, बाकीचा काढायचा. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, तूप नाही, शाई नाही. बर्फाने रक्तपुरवठा आकसतो आणि दुखापत वाढते. लेप उष्णता आत कोंडतात, आणि दवाखान्यात ते खरवडून काढल्याशिवाय डॉक्टरांना खालची जखम दिसत नाही. फोड फोडायचे नाहीत. वीस मिनिटं झाली की जखमेवर धुतलेलं, तंतू न सुटणारं सुती कापड सैलसर ठेवायचं, किंवा खाद्यपदार्थ झाकायची पारदर्शक प्लास्टिक फिल्म नुसती वर पसरायची, करकचून गुंडाळायची नाही. उशीर झाला असला तरी भाजल्यापासून तीन तासांच्या आत पाण्याचा उपयोग होतो.

उपचार एवढाच. आता शीर्षक.

सगळ्यांना सुचणारं शीर्षक हे: “भाजल्यावर हळद, टूथपेस्ट, बर्फ लावू नका”. हेतू उत्तम, माहिती अचूक. पण फोनच्या पडद्यावर शीर्षक पूर्ण दिसेलच असं नाही, लांब असलं की शेवट कापला जातो आणि तीन टिंबं येतात. मराठीत नकार वाक्याच्या शेपटाला असतो. मग उरतं काय?

```
भाजल्यावर हळद, टूथपेस्ट, बर्फ ला...
```

हा सल्ला झाला, आणि बरोबर उलटा. ज्याला हळदच लावायची सवय आहे त्याला यात दुजोरा मिळेल. त्याने पुढे व्हिडिओ उघडलाच नाही, तर व्हिडिओ करणाऱ्याने कळकळीने सांगितलेली गोष्ट त्याच्यापर्यंत उलटी होऊन पोचली. हिंदीतही तेच: “हल्दी, टूथपेस्ट न लगाएँ” मधला ‘न’ फार उशिरा येतो. इंग्रजीत नकार बहुधा सुरुवातीलाच असतो, त्यामुळे तिकडच्या शीर्षकांची नक्कल करून चालणार नाही. मराठी प्रथमोपचाराच्या शीर्षकात निषिद्ध वस्तूचं नावच घेऊ नये. जे करायचं तेच लिहावं, आणि ते सुरुवातीच्या सहा शब्दांत लिहावं.

```
भाजलं? आधी 20 मिनिटं गार पाणी. चहा, तेल, वाफ: प्रथमोपचार
```

हे कुठेही कापा, सल्ला उलटा होत नाही. ‘भाजलं? आधी 20 मिनिटं’ इतकंच उरलं, तरी माणूस पुढे काय म्हणून उघडून बघेल. आकडा शीर्षकात हवाच, कारण चार मिनिटांच्या व्हिडिओत वीस मिनिटं पाणी ओतताना दाखवता येत नाही. बघणाऱ्याला दिसतं ते दहा सेकंदांचं पाणी आणि मग कापड. डोळ्यांनी शिकलेलं कानांनी ऐकलेल्यावर मात करतं, आणि माणूस तेवढंच पाणी ओततो. शीर्षकातला आकडा ही फसगत टाळतो.

एक व्यावहारिक अडचण. यूट्यूबवर शीर्षकाला शंभर चिन्हांची मर्यादा आहे आणि देवनागरीत मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे वेगवेगळे मोजले जातात. ‘मिनिटे’ आपल्याला तीन अक्षरी दिसतं, यंत्राला सहा चिन्हं दिसतात. जोडाक्षरं तर आणखी खातात. तेव्हा ‘अत्यंत महत्त्वाचं’, ‘प्रत्येकाने अवश्य पाहा’, मंडळाचं पूर्ण नाव, अध्यक्षांचं नाव ही सगळी भरती शीर्षकातून बाहेर. अध्यक्षांचा आदर व्हिडिओच्या शेवटी करता येतो.

वर्णनाची गोष्ट याहून गंभीर आहे. बंद अवस्थेत वर्णनाच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं बोट लावल्यावर उघडतं. आणि नेमक्या त्या ओळींत बहुतेकजण काय लिहितात? “नमस्कार मित्रांनो, आमच्या चॅनेलवर आपलं स्वागत आहे.” किंवा त्याहून वाईट: “हा व्हिडिओ केवळ माहितीसाठी असून कोणत्याही परिणामास आम्ही जबाबदार नाही.” ज्याचा हात जळतोय त्याला सगळ्यात महागाची जागा देऊन आपण सांगतो की आम्हाला विचारू नका. मला हे असह्य वाटतं. त्या दोन ओळी भाजलेल्या माणसाच्या आहेत.

```
भाजलेल्या जागेवर लगेच गार वाहतं पाणी सोडा. 20 मिनिटं, घड्याळ लावून.
मोठं भाजणं, श्वासाला त्रास, बेशुद्धी, वीज: 108 ला फोन करा.
```

फोन नंबर इंग्रजी आकड्यांत. लेखात मी १०८ लिहितो, पण मीरा रोडला मराठी बोलणं समजणारे आणि देवनागरी आकडे न वाचणारे असंख्य लोक आहेत. रुग्णवाहिकेची ही मोफत सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. ११२ हा देशभराचा आणीबाणीचा क्रमांक आहे, तोही शेजारी द्यावा. पण चार-पाच नंबरांची यादी देऊ नये. घाबरलेला माणूस यादीतून निवडत बसतो.

नंबराच्या खाली एक ओळ स्थानिक हवी, आणि ती बाहेरगावच्या कुठल्याही व्हिडिओत सापडणार नाही. फोनवर पत्ता काय सांगायचा? शांतीनगरात नुसतं ‘शांतीनगर, मीरा रोड’ सांगून कुणी पोचत नाही. सेक्टर, इमारतीचा क्रमांक, विंग आणि कोणतं गेट उघडं आहे ते सांगावं लागतं. भाईंदरला पूर्व की पश्चिम हे पहिल्यांदा सांगावं, मध्ये रेल्वे आहे. उत्तनला गावाचं आणि जवळच्या चर्चचं किंवा बंदराचं नाव. एकाने पाणी धरायचं, दुसऱ्याने फोन करायचा, तिसऱ्याने गेटवर उभं राहायचं. हे वर्णनात तीन ओळींत मावतं.

आता आणीबाणीची टीप. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, कारण ‘गंभीर असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा’ असं लिहून लोक मोकळे होतात. गंभीर म्हणजे काय, हेच तर बघणाऱ्याला ठाऊक नसतं. टीप दोन पायऱ्यांत लिहावी. पहिली पायरी, लगेच १०८: श्वास घ्यायला त्रास, धूर किंवा वाफ नाकातोंडात गेलेली, माणूस गुंगीत, अंगाचा मोठा भाग भाजलेला, विजेचा धक्का. दुसरी पायरी, वीस मिनिटं पाणी झाल्यावर त्याच दिवशी दवाखाना: रुग्णाच्या स्वतःच्या पंजापेक्षा मोठी जखम, चेहरा, मान, हात, पाऊल, सांधा किंवा जननेंद्रियावरची जखम, पांढुरकी किंवा काळी पडलेली कातडी, लहान मूल, म्हातारं माणूस, गरोदर स्त्री. पंजाचं माप सोपं आहे. बोटांसकट पंजा म्हणजे साधारण शरीराच्या एक टक्का. पण पंजा रुग्णाचा, मोजणाऱ्याचा नव्हे. दोन वर्षांच्या मुलाची जखम बापाच्या पंजाने मोजली की ती लहानच वाटते.

आणि एक गोष्ट टीपेत ठळक हवी: दुखत नाही म्हणून बरं आहे, असं समजू नये. खोल भाजलं की मज्जातंतूंची टोकंच मरतात. वरवरचा चटका ठणकतो, खोल जखम कधीकधी गप्प असते. घरची माणसं म्हणतात, “आता दुखत नाही म्हणतोय, उद्या बघू.” तो उद्या महाग पडतो.

इथेच ‘हा व्हिडिओ वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही’ या वाक्याची खरी जागा आहे. हे वाक्य लिहायलाच हवं, पण कामाला लावून लिहावं. नुसतं वाक्य ढालीसारखं पुढे धरलं की कुणी वाचत नाही. पर्याय का नाही, ते सांगा. भाजणं किती खोल आहे हे व्हिडिओ बघून ठरत नाही, ते तपासूनच कळतं. पहिल्या दिवशी लालसर दिसणारी जखम एक-दोन दिवसांत खोल झालेली आढळू शकते. धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का, मलम कोणतं, पट्टी कधी बदलायची, हे डॉक्टरच सांगणार. मग टीप अशी होते:

```
हा व्हिडिओ दवाखान्यात पोचेपर्यंतच्या वेळेसाठी आहे.
जखम किती खोल आहे ते डॉक्टर तपासूनच सांगू शकतात.
दुखणं थांबलं तरी वरच्या यादीतलं काही असेल तर दाखवा.
```

यात जबाबदारी झटकलेली नाही. हद्द दाखवली आहे आणि हद्दीपलीकडे कुठे जायचं तेही सांगितलं आहे. भाईंदर पश्चिमेचं भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय, ज्याला लोक अजून टेंभा हॉस्पिटलच म्हणतात, त्याचं नाव दोन्ही रूपांत द्यावं, कारण रिक्षावाल्याला एकच कळेल. मोठ्या जखमांसाठी ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर आहे, पण तिथे कुणाला न्यायचं हे पहिला डॉक्टर ठरवतो. वर्णनात ते ‘थेट जा’ म्हणून लिहू नये. ऐरोलीच्या वाटेवर घोडबंदर रोडच्या कोंडीत रुग्ण अडकवण्यापेक्षा जवळच्या दवाखान्यात त्याची अवस्था स्थिर होणं महत्त्वाचं.

व्हिडिओत काय नाही, तेही मेटाडेटात असावं. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टीलच्या भांड्यांचं काम चालतं, आणि स्टील धुवायला आम्ल वापरतात. तिथल्या कामगाराने ‘भाजलं’ शोधलं तर आपला चहा-तेलाचा व्हिडिओ त्याच्यासमोर येणार. त्याच्यासाठी एक ओळ हवी: आम्ल उडालं तर भिजलेले कपडे काढा, भरपूर वाहतं पाणी वीस मिनिटांहून जास्त वेळ सोडा, दवाखान्यात जायचंच. कोरडी पूड असेल तर आधी झटका, मग पाणी. आणि विजेसाठी: आधी मेन स्विच बंद, तोवर माणसाला हात लावायचा नाही. ज्याचा प्रश्न आपल्याकडे सुटत नाही त्याला दारातच एक धड वाक्य मिळालं पाहिजे.

वेळांचे टप्पे हा मला सगळ्यात आवडणारा भाग आहे, कारण त्यात व्हिडिओ करणाऱ्याची शिस्त उघडी पडते. पहिला टप्पा शून्यावर हवा, किमान तीन टप्पे हवेत, प्रत्येक दहा सेकंदांचा तरी हवा. वेळ इंग्रजी आकड्यांत लिहावी, देवनागरीत लिहिली तर तिचा दुवा होईल असं धरून चालू नये.

```
0:00 पाणी सोडा
0:25 अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा
0:55 नळाला पाणी नसेल तर
1:50 जखम कशाने झाकायची
2:35 दवाखाना की 108?
3:20 वीज, आम्ल: इथे नाही, पण हे करा
```

पहिल्या ओळीसमोर ‘प्रस्तावना’ लिहावंसं वाटलं, तर व्हिडिओ पुन्हा कापा. बोधचिन्ह फिरवून दाखवण्यात गेलेली पंधरा सेकंदं कुणाच्या तरी हातावर गेलेली असतात.

तिसरा टप्पा मुद्दाम घातला आहे. आपल्याकडे पाणी स्टेम आणि एमआयडीसीकडून येतं, कपात असते, आणि सोसायटीच्या वेळापत्रकाप्रमाणे नळ चालतो. ‘२० मिनिटं वाहतं पाणी’ हा सल्ला ऐकून दुपारी तीन वाजता कोरड्या नळासमोर उभ्या असलेल्या बाईने काय करावं? बादलीत पाणी घेऊन हात बुडवून ठेवावा, कोमट लागलं की बदलावं. किंवा खाली टब ठेवून तेच पाणी तांब्याने पुन्हा पुन्हा ओतावं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी सुरुवातीला चटका देईल इतकं तापलेलं असतं. आधी ते वाहू द्यावं, हाताला गार लागलं की मग जखमेवर. किंवा सरळ पिण्याच्या पिंपातलं घ्यावं. लहान मुलाचं अख्खं अंग मात्र गार पाण्यात बसवू नये. जखम गार ठेवायची, बाकी अंग कोरड्या चादरीत उबेला ठेवायचं, नाहीतर मूल गारठतं.

छोट्या चित्राबद्दल दोन गोष्टी. त्यावर टूथपेस्टची ट्यूब आणि फुली काढू नका. अंगठ्याएवढ्या चौकोनात फुली दिसत नाही, ट्यूब दिसते. नळाखालचा हात आणि ‘20 मिनिटं’ पुरेसं आहे. सोलवटलेल्या कातडीचा फोटो नको, घाबरलेला माणूस तिथून पळतो. दुसरी गोष्ट कायद्याची. पांढऱ्यावर लाल क्रॉस हे प्रथमोपचाराचं सार्वजनिक चिन्ह नाही. ते रेड क्रॉसचं संरक्षित चिन्ह आहे, आणि १९६० च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन्स कायद्यानुसार आपल्या देशात ते परवानगीशिवाय वापरता येत नाही. प्रथमोपचाराचं चिन्ह म्हणजे हिरव्यावर पांढरा क्रॉस. तो वापरावा.

शोधशब्द, म्हणजे टॅग, यांचा प्रभाव फार नसतो. यूट्यूब स्वतःच सांगतं की त्यांचा उपयोग मुख्यतः शब्द चुकीचा लिहिला जातो तेव्हा. आपल्यासाठी ती वेळ रोजची आहे, कारण मराठी माणूस घाईत रोमन अक्षरांत टाइप करतो.

```
bhajlyavar upay, hat bhajla, chatka basla, polla, jalne par kya kare
```

गावातल्या गुजराती-हिंदी शेजाऱ्यांसाठी शीर्षक आणि वर्णनाचं भाषांतर त्याच व्हिडिओला जोडता येतं, नवा व्हिडिओ लागत नाही. पण ते त्या भाषेत रोज बोलणाऱ्याकडून तपासून घ्यावं, आणि तिथेही शेवट कापून वाचून बघावं.

एवढं सगळं केल्यावरही सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात कुणीतरी दुवा न पाठवता फाइलच पाठवणार. त्या क्षणी शीर्षक, वर्णन, टप्पे, टीप सगळं गळून पडतं. उरतं फक्त चित्र आणि आवाज. म्हणून ‘20 मिनिटं’, ‘108’ आणि तपासणीचा महिना-वर्ष हे तिन्ही व्हिडिओच्या चौकटीतच, कोपऱ्यात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत छापलेले असावेत.

तारखेचा आग्रह का, ते सांगतो. प्रथमोपचाराचे नियम बदलतात. भाजल्यावर दहा मिनिटं पाणी, असं पूर्वी ठिकठिकाणी शिकवलं जाई. घशात घास अडकलेल्या मोठ्या माणसाला थेट पोटावर दाब द्यायचा, असं अमेरिकन हार्ट असोसिएशन बरीच वर्षं सांगत होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिने नियम बदलला: आधी पाठीवर पाच थापा, मग पोटावर पाच दाब, आळीपाळीने. जुने व्हिडिओ अजून फिरतायत आणि ते कधीचे आहेत हे त्यांच्यावर लिहिलेलं नाही. यूट्यूबवर चढवलेल्या व्हिडिओच्या जागी त्याच पत्त्यावर नवी फाइल ठेवता येत नाही. बदलता येतो तो मेटाडेटाच. तेव्हा वर्णनाच्या शेवटी ‘तपासलं: महिना, वर्ष’ आणि तपासणाऱ्या डॉक्टरांची पदवी असावी. वर्षातून एकदा एका माणसाने ते उघडून बघावं, आणि नियम बदलला असेल तर शीर्षकाची सुरुवात ‘जुना व्हिडिओ’ या दोन शब्दांनी करून वर्णनाच्या पहिल्या ओळीत नव्याचा दुवा द्यावा. मंडळाची कार्यकारिणी बदलली की चॅनेलचा पासवर्डही नव्या सचिवाच्या हाती द्यावा, कारण तो हरवला तर ही दुरुस्ती कुणालाच करता येणार नाही.